३,२०६ रुपये गेले कुठे?

वाचकाचं पत्र

*मी तालुक्याच्या गावी राहते आणि सात वर्षांपासून आयुर्विम्याची एजन्सी करते. घर बांधायला कर्ज हवंय. बँकेने दोन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा मागितला. मी वहीत दर महिन्याला खात्यात जमा झालेलं कमिशन लिहिते. २०२५-२६ ची बेरीज ४,३३,०३४ रुपये आली. फॉर्म २६एएसमध्ये कंपनीने ४,३८,६०० दाखवलेत आणि ८,७७२ रुपये कर कापलाय. मग फरक ८,७७२ चा हवा ना? तो आहे ५,५६६ चा. हे ३,२०६ रुपये गेले कुठे, कंपनीकडून चूक झाली का? आरोग्य विम्याच्या दुसऱ्या एका कंपनीकडून १६,३०० मिळाले; त्यावर कर कापला नाही, म्हणून ते वहीत धरले नाहीत. आणि कर कापलेलाच असतो, म्हणून मागच्या वर्षी विवरणपत्र भरलं नाही. यंदा महिन्याची रक्कम जरा वाढलीय, हे बँकेला दाखवलं तर चालेल ना?*

उत्तर

ताई, तुम्ही पत्रासोबत पाठवलेली बाराही महिन्यांची कमिशनची पत्रकं आणि २६एएस शेजारी शेजारी ठेवून पाहिले. कंपनीचे आकडे बरोबर आहेत आणि तुमची बेरीजही बरोबर आहे. अडचण एवढीच, की वहीत तुम्ही जे मोजलंय ते कमिशन नाही. खात्यात जमा झालेल्या रकमेत कमिशन असतं, त्यातून गेलेला कर असतो, कंपनीकडून घेतलेली उचल असते आणि कधी कधी आदल्या आर्थिक वर्षाची कमाईही असते. हे सगळं एकाच रकान्यात उतरलं की फरक किती यायला हवा याचा अंदाज चुकणारच.

आधी एकाच महिन्याचं पत्रक नीट वाचू. तुमचं ऑक्टोबर २०२५ चं घ्या.

पहिल्या वर्षाचं कमिशन १४,२००, रिन्यूअल कमिशन २१,६४०, बोनस कमिशन ५,६८०. एकूण ४१,५२०. त्याखाली वजा खुणेसह १,४७० आहेत. सप्टेंबरमध्ये विकलेली एक पॉलिसी ग्राहकाने फ्री-लूक मुदतीत परत केली, तिच्यावर आधी दिलेलं कमिशन कंपनीने परत घेतलं. उरले ४०,०५०. पुढे टीडीएस ८०१, मग ‘फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स’ या नावाने २,००० आणि शेवटी निव्वळ देय ३७,२४९. वहीत उतरला तो हा शेवटचा आकडा.

आता एक छोटी तपासणी शिकून घ्या, ती दर महिन्याला उपयोगी पडेल. टीडीएसच्या रकमेला कराच्या दराने भागा. ८०१ भागिले ०.०२ म्हणजे ४०,०५०. याचा अर्थ कंपनीने परत घेतलेलं कमिशन वजा करून मग उरलेल्यावर कर कापलाय आणि २६एएसमध्येही ४०,०५० च दिसणार. हाच टीडीएस ८३० च्या आसपास असता, तर तो पूर्ण ४१,५२० वर कापला असं समजलं असतं. तसं असेल तर २६एएसमध्ये ४१,५२० दिसतात. मग हिशोबात जमा बाजूला ४१,५२० लिहायचे आणि परत गेलेले १,४७० खर्चाच्या बाजूला वेगळे दाखवायचे. दोन्ही रीतींनी तुमची कमाई ४०,०५० च राहते. पण जमेचा आकडा २६एएसशी जुळला नाही, तर आयकर खात्याकडून विचारणा होऊ शकते. भागाकार २ टक्क्यांऐवजी २० टक्क्यांशी जुळायला लागला तर त्याच दिवशी पॅन तपासा. कंपनीकडे पॅनची नोंद नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झाला असेल, तर २० टक्क्यांनी कर कापला जातो.

म्हणजे ऑक्टोबरची कमाई ४०,०५० आणि हातात आले ३७,२४९. मधल्या २,८०१ रुपयांमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ८०१ रुपये तुमचेच आहेत, ते तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा झालेत. २,००० रुपये म्हणजे सणाच्या उचलीची परतफेड. ना तो कर आहे, ना खर्च. सप्टेंबरमध्ये कंपनीने २०,००० उचल दिली, ती दहा हप्त्यांत कापली जातेय. पण वहीत सप्टेंबरच्या पानावर हे २०,००० कमिशनच्या रकमेतच मिळवलेले आहेत, आणि ऑक्टोबरपासून दर महिन्याची नोंद २,००० ने कमी होत गेलीय. कर्ज मिळालं तेव्हा उत्पन्न वाढलं आणि फेडलं तेव्हा घटलं, असा हिशोब झाला. सगळे दहा हप्ते एकाच आर्थिक वर्षात बसले असते तर वर्षअखेरीस चूक आपोआप मिटली असती. तुमचे हप्ते जुलैपर्यंत जातात, म्हणून ती मिटली नाही.

दुसरी गोष्ट मार्चची. तुमचं कमिशन महिना संपल्यावर, पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यात येतं. एप्रिल २०२५ मध्ये जमा झालेले ४४,४६० हे मार्च २०२५ चे, म्हणजे आदल्या आर्थिक वर्षाचे. तेव्हा कमाई ४६,८०० होती आणि ५ टक्क्यांनी २,३४० कर गेला होता. याउलट मार्च २०२६ ची ५२,३०० ची कमाई एप्रिल २०२६ मध्ये आली, म्हणून वहीच्या या बेरजेत ती नाही. कंपनीने मात्र ती ३१ मार्चला तुमच्या नावे जमा लिहिली. कलम १९४डी प्रमाणे रक्कम खात्यावर जमा लिहिणं आणि प्रत्यक्ष देणं यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कर कापायचा असतो. २६एएस उघडून ‘Transaction Date’ हा रकाना बघा. शेवटच्या नोंदीसमोर 31-Mar-2026 आहे. पासबुकात त्या तारखेला काहीच जमा नाही, म्हणून ती नोंद तुम्हाला चुकीची वाटली असेल. ती बरोबर आहे.

आता वहीच्या बेरजेपासून २६एएसच्या आकड्यापर्यंत एकेक पायरी चढू.

वहीतली बेरीज ४,३३,०३४.
उचलीचे २०,००० वजा केले, राहिले ४,१३,०३४.
मार्च २०२५ चे ४४,४६० वजा केले, राहिले ३,६८,५७४.
ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या पत्रकांतून कापलेले उचलीचे पाच हप्ते, म्हणजे १०,००० मिळवले: ३,७८,५७४.
एप्रिल ते फेब्रुवारीचा टीडीएस ७,७२६ मिळवला: ३,८६,३००.
मार्च २०२६ ची पूर्ण कमाई ५२,३०० मिळवली: ४,३८,६००.

रुपयाला रुपया जुळलं. मार्च २०२६ चा टीडीएस १,०४६ आहे; ७,७२६ मध्ये तो मिळवला की ८,७७२ होतात. ३,२०६ रुपये कुठे गेलेच नव्हते. काही रकमा वहीत जास्तीच्या होत्या, काही कमी होत्या, त्यांची आपसांत काटछाट होऊन हा आकडा उरला होता. फरक लहान दिसला की आपण तो कुठल्या तरी एका चुकीवर टाकतो, पण इथे त्या लहान फरकाच्या पोटात ५२,३०० आणि ४४,४६० एवढे मोठे आकडे होते. म्हणून फरक नुसता बघून अंदाज करू नका, अशी पायरी मांडा.

बँकेला दाखवायच्या वाढीबद्दल मात्र मी तुम्हाला थोडं थांबवते. विम्याच्या कमिशनवरचा कर १ एप्रिल २०२५ पासून व्यक्तींसाठी ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. ४०,००० च्या कमाईवर आधी ३८,००० हातात यायचे, आता ३९,२०० येतात. धंदा तसूभरही न वाढता महिन्याला १,२०० जास्त दिसतात. तुमचा धंदा खरोखर वाढलाय का, हे निव्वळ रकमेवरून कळणार नाही. ते कळतं एकूण कमिशनवरून: २०२४-२५ मध्ये २६एएसप्रमाणे ३,९६,४००, २०२५-२६ मध्ये ४,३८,६००. म्हणजे ४२,२०० ची वाढ आहे आणि ती खरी आहे. बँकेला हीच दाखवा. शक्य असेल तर त्याखाली पहिल्या वर्षाचं आणि रिन्यूअल कमिशन वेगळं लिहा. रिन्यूअल जुन्या पॉलिसींवर येतं, नवं काम न मिळालेल्या महिन्यातही ते येत राहतं, त्यामुळे हप्ता फेडण्याची ऐपत दाखवायला हा आकडा जास्त बोलका असतो.

आरोग्य विम्याच्या १६,३०० बद्दल तुमची समजूत अनेक एजंटांची असते. कर कापला नाही म्हणजे ते उत्पन्न धरायचं नाही, असं नाही. एका कंपनीकडून वर्षभरात मिळालेलं कमिशन २०,००० च्या आत असेल तर कंपनी कर कापत नाही (मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा १५,००० होती). ती मर्यादा फक्त कापण्यापुरती आहे. कर न कापलेली रक्कम २६एएसमध्ये दिसेलच असं नाही, म्हणून २६एएसलाही संपूर्ण उत्पन्न समजू नका. त्या कंपनीची पत्रकं वेगळी मागवून ठेवा. तुमचं २०२५-२६ चं एकूण कमिशन ४,३८,६०० अधिक १६,३००, म्हणजे ४,५४,९०० आहे.

आता विवरणपत्राचं. कर कापला म्हणजे कराचा विषय संपला, ही समजूत तुम्हाला महागात पडलीय, म्हणून स्पष्ट लिहिते. टीडीएस ही आगाऊ जमा आहे. तुमचा खरा कर किती, हे विवरणपत्र भरल्यावरच ठरतं. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तुमचं दुसरं काही उत्पन्न नसेल तर कापलेले ८,७७२ पूर्ण परत मिळायला हवेत. २०२४-२५ मध्ये ही सवलत ७ लाखांपर्यंत होती, आणि ५ टक्क्यांनी कापलेले १९,८२० रुपये तेव्हाही परत मिळाले असते. त्या वर्षाचं उशिराचं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येत होतं. त्यानंतर जे ‘अपडेटेड रिटर्न’ भरता येतं, त्यात परतावा मागता येत नाही. परतावा निघत असेल तर ते भरताच येत नाही. आता एकच वाट उरते: कलम ११९(२)(बी) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज. तो कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत करता येतो, पण उशिराचं पटेल असं कारण द्यावं लागतं आणि मंजुरी अधिकाऱ्याच्या हाती असते. खर्च वजा जाता तुमचं त्या वर्षाचं उत्पन्न ३ लाखांवर असेल तर विवरणपत्र भरणं बंधनकारकच होतं, तेव्हा हा अर्ज करसल्लागाराकडून लवकर करून घ्या. बँक दोन वर्षांची विवरणपत्रं मागते आणि तुमच्याकडे एकच असेल. ते लपवू नका. २०२४-२५ साठी २६एएस, चारही तिमाहींचे फॉर्म १६ए आणि बारा पत्रकं द्या, आणि एवढ्यावर चालेल का हे शाखेत आधीच विचारा.

यंदाचं विवरणपत्र आयटीआर-३ मध्ये भरायचं. छोट्या धंद्यांसाठीची ४४एडी ची सोपी पद्धत कमिशनवर कमावणाऱ्यांना चालत नाही, म्हणून आयटीआर-४ भरू नका. ही चूक फार होते. जमेला ४,५४,९०० आणि समोर खरे झालेले खर्च: प्रवास, फोन, छपाई, कार्यालयाचं भाडं. ग्राहकाचा पहिला हप्ता आपल्या कमिशनमधून भरला असेल तर तो खर्चात दाखवायचा विचारही करू नका. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून सूट देणंच बेकायदा आहे. आणि कर्जाच्या दृष्टीने हे ध्यानात घ्या, की बँक खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न बघते. तुमचा कर शून्यच असताना ओढूनताणून खर्च वाढवले तर हाती काही लागणार नाही, कर्जाची पात्रता मात्र घटेल. (ज्यांचं आयुर्विमा महामंडळाचं वर्षाचं एकूण कमिशन ६०,००० च्या आत आहे आणि ज्यांनी खर्चाचा तपशील ठेवलेला नाही, त्यांच्यासाठी १९९३ च्या परिपत्रकात ठोक वजावटीची सोय आहे: पहिल्या वर्षाच्या कमिशनच्या ५० टक्के आणि रिन्यूअलच्या १५ टक्के, पण मिळून २०,००० पेक्षा जास्त नाही. तुम्हाला ती लागू नाही.)

मार्चच्या ५२,३०० चं काय करायचं, असं तुम्ही मनात विचारलं असेल. हिशोबाच्या दोन पद्धती आहेत: पैसे हाती आल्यावर लिहिणं, किंवा कमाई देय झाली तेव्हा लिहिणं. पहिली धरली तर ५२,३०० पुढच्या वर्षी दाखवायचे आणि त्यावरचा १,०४६ टीडीएससुद्धा यंदा न मागता विवरणपत्रातल्या टीडीएसच्या तक्त्यात पुढे ओढायचा. ते विसरलं की उत्पन्न एका वर्षात आणि कराची जमा दुसऱ्या वर्षात असं होतं आणि परतावा अडकतो. माझं मत, तुम्ही दुसरी पद्धत धरा. ती २६एएसशी थेट जुळते. पण एकदा धरली की दर वर्षी तीच ठेवा, सोयीप्रमाणे बदलू नका.

विवरणपत्र एप्रिलमध्ये घाईने भरू नका. जानेवारी ते मार्च या तिमाहीची टीडीएसची माहिती कंपनीने ३१ मेपर्यंत भरायची असते आणि फॉर्म १६ए १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. त्याआधी २६एएस उघडलं तर शेवटची तिमाही गायब दिसते आणि लोकांना वाटतं कर भरलाच नाही. जूनच्या मध्यावर बघा. तेव्हा प्रत्येक नोंदीसमोर ‘Status of Booking’ च्या रकान्यात F असायला हवं. U दिसलं तर कंपनीने दिलेली माहिती आणि बँकेत भरलेला कर यांचा मेळ बसलेला नाही. पत्रकावर कर कापलेला आहे पण २६एएसमध्ये नोंदच नाही, असं जूननंतरही दिसलं तर बहुतेक वेळा पॅनचं एखादं अक्षर चुकलेलं असतं. महिना, पत्रकाचा क्रमांक, एकूण कमिशन, टीडीएस आणि आपला पॅन लिहून शाखेच्या लेखा विभागाला लेखी कळवा. त्यांच्या विवरणात दुरुस्ती तेच करू शकतात, आयकर कार्यालयात खेटे घालून ती होत नाही.

वही टाकून देऊ नका, फक्त रकाने वाढवा. महिना पासबुकाप्रमाणे न लिहिता पत्रकाप्रमाणे लिहा. मग पहिल्या वर्षाचं, रिन्यूअल, बोनस, परत गेलेलं कमिशन, करपात्र कमिशन, टीडीएस, उचलीचा हप्ता, निव्वळ देय आणि शेवटी ते खात्यात जमा झाल्याची तारीख. उचल मिळाली की ती वेगळ्या पानावर. दर तिमाहीला करपात्र कमिशन आणि टीडीएस या दोनच रकान्यांची बेरीज करून फॉर्म १६एशी लावून बघा. तीन महिन्यांतली चूक शोधायला दहा मिनिटं लागतात, बारा महिन्यांतली शोधायला तुम्हाला किती रात्री गेल्या ते पत्रावरून दिसतंच आहे.

बँकेत जाताना वर मांडलेली ती सहा ओळींची पायरी एका कागदावर स्वच्छ लिहून न्या. अधिकारी पासबुक आणि विवरणपत्र शेजारी ठेवून बघणार, त्यांनाही तोच ५,५६६ चा फरक दिसणार. त्याच कागदावर उचलीची ३१ मार्चची बाकी लिहा: मार्चच्या पत्रकापर्यंत सहा हप्ते गेले, म्हणून ८,०००. लहान असली तरी ती देणी आहे आणि अर्जात विचारतात. शेवटचा हप्ता जुलैच्या पत्रकात कापला जाईल. ऑगस्टच्या पत्रकात निव्वळ देय २,००० नी वाढलेलं दिसेल, तेव्हा आधी करपात्र कमिशनचा रकाना बघा.